वॉरंटीतला बिघाड वॉरंटीतच दुरुस्त करा : लॅपटॉप सेवा केंद्राला जाहीर इशारा

नाशिक, दि. ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक,
अधिकृत लॅपटॉप सेवा केंद्र, नाशिक

विषय : चार्जर काढताच बंद पडणाऱ्या लॅपटॉपची वॉरंटीत दुरुस्ती. अंतिम मुदत २४ फेब्रुवारी २०२६.

महोदय,

माझ्या लॅपटॉपची वॉरंटी १३ मार्च २०२६ रोजी संपते. ती संपेपर्यंत मला हेलपाटे घालायला लावायचे आणि मग दुरुस्तीचा खर्च माझ्याकडून घ्यायचा, असा आपला विचार असेल तर तो आजच सोडून द्या. हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे. आपल्या काउंटरवर हीच तक्रार घेऊन उभ्या असलेल्या इतर ग्राहकांनाही आपले हक्क कळले पाहिजेत.

लॅपटॉप मी १४ मार्च २०२५ रोजी नाशिकमधील अधिकृत विक्रेत्याकडून ६२,५०० रुपयांना घेतला. जीएसटीसह पक्के बिल माझ्याकडे आहे आणि त्यावरचा सिरियल नंबर लॅपटॉपच्या तळाशी छापलेल्या नंबराशी जुळतो. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची आहे.

बिघाड असा आहे. अर्धा तास काम करून लॅपटॉप तापला की चार्जरची पिन काढताच तो त्या क्षणी बंद पडतो. तेव्हा बॅटरी ६० टक्के भरलेली असली तरी फरक पडत नाही. निळा पडदा येत नाही, सूचना येत नाही, पंखा आणि दिवे एकदमच जातात. पुन्हा चार्जर जोडला की लॅपटॉप सुरू होतो. थंड असताना मात्र तो बॅटरीवर नीट चालतो. मी करसल्लागार आहे. महिन्याच्या २० तारखेला अशिलांची जीएसटीआर-३बी विवरणपत्रे भरत असताना वीज गेली की माझे कामच थांबते. लॅपटॉपला बॅटरी असते ती नेमकी अशा वेळेसाठी.

आपल्याकडे पहिल्यांदा मी १८ नोव्हेंबर २०२५ रोजी आले. आपण मला न विचारता विंडोज नव्याने टाकले आणि जॉबशीटवर ‘सॉफ्टवेअरचा दोष, दुरुस्त’ असे लिहिले. पुढच्याच आठवड्यात बिघाड परत आला. २२ डिसेंबरला आपण बॅटरी बदलली. बिघाड तसाच राहिला. १९ जानेवारी २०२६ रोजी आपण लॅपटॉप ठेवून घेतला आणि ‘तपासणीत दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत दिला. तिन्ही जॉबशीट माझ्याकडे आहेत. लॅपटॉपला पाणी लागलेले नाही आणि बाहेरून मार बसलेला नाही, अशी नोंद तिन्हींवर आपल्याच तंत्रज्ञाने केली आहे. तेव्हा ग्राहकाच्या चुकीने नुकसान झाले, असे आता म्हणता येणार नाही.

‘दोष आढळला नाही’ हा शेरा मला मान्य नाही. तंत्रज्ञाने थंड लॅपटॉप टेबलावर ठेवला, चार्जर लावूनच चालवून पाहिला आणि बंद केला. ज्या स्थितीत बिघाड होतो ती स्थिती त्याने येऊच दिली नाही. खरी तपासणी सोपी आहे. बॅटरी ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. चार्जर लावून लॅपटॉपवर अर्धा तास भरपूर काम चालवा. मग रीस्टार्ट करून बायोसच्या पडद्यावर थांबा आणि पिन काढा. लॅपटॉप तिथेही बंद पडतो. बायोसच्या पडद्यावर विंडोज अजून सुरूच झालेले नसते. त्यामुळे या बिघाडाचे खापर विंडोजवर फोडता येत नाही, आणि विंडोज पुन्हा टाकून तो जाणारही नाही.

विंडोजची स्वतःची नोंदही हेच सांगते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक वेळी `Kernel-Power`, `Event ID 41` ही नोंद आहे आणि तिच्या तपशिलात `BugcheckCode 0` आहे. विंडोज स्वतः कोसळले असते तर तिथे साधारणतः शून्याऐवजी त्रुटीचा क्रमांक दिसला असता. इथे मशीनची वीजच तुटली आहे. नव्या बॅटरीबद्दल शंका असेल तर हा आदेश चालवा :

```
powercfg /batteryreport
```

माझ्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता ५०,००० मिलिवॅट-तास आणि पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता ४९,२०० आहे. म्हणजे बॅटरी सुदृढ आहे. जुन्या बॅटरीवर जे होत होते तेच नव्या बॅटरीवरही होते, आणि चार्जरवर लॅपटॉप दिवसभर चालतो. मग संशय उरतो तो मदरबोर्डवर. चार्जर निघताच वीजपुरवठा क्षणार्धात बॅटरीकडे वळवण्याचे काम मदरबोर्डवरचे चार्जिंगचे सर्किट करते. ते सर्किट किंवा बॅटरीचा कनेक्टर तापल्यावर साथ सोडत असेल, तर वीज खंडित होते आणि मशीन बंद पडते. दोन्ही भाग मदरबोर्डवरच आहेत, आणि मदरबोर्ड वॉरंटीत आहे. महाग भाग बदलावा लागू नये म्हणून स्वस्त उपाय पुन्हा पुन्हा करणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

१. वर दिलेली तपासणी माझ्यासमोर करा आणि तिचा निकाल जॉबशीटवर लिहा. ‘पॉवर प्रॉब्लेम’ असे मोघम लिहिलेली जॉबशीट मी घेणार नाही. ‘तापल्यावर चार्जर काढताच बंद पडतो’ हेच शब्द त्यावर हवेत.

२. मदरबोर्ड नवा बसवा. जुन्या आणि नव्या भागाचे क्रमांक लेखी द्या. एसएसडीला माझ्या लेखी संमतीशिवाय हात लावू नका.

३. ही तक्रार वॉरंटीच्या काळातच नोंदली गेली असून ती अजून निकाली निघालेली नाही, असे लेखी द्या. भाग यायला उशीर होऊन १३ मार्च उलटला, तरी दुरुस्ती विनामूल्यच व्हायला हवी.

यासाठी आपल्याला २४ फेब्रुवारी २०२६, संध्याकाळी ६ वाजेपर्यंतची मुदत देत आहे. ‘भाग मागवला आहे’ असे तोंडी उत्तर चालणार नाही. भाग मागवल्याचा क्रमांक आणि तो येण्याची तारीख लेखी हवी.

मुदत पाळली नाही, तर मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तीत निर्माता कंपनी, विक्रेता आणि आपण असे तिघेही प्रतिवादी असाल. या कायद्यामुळे मी जिथे राहते तिथेच तक्रार करू शकते, कंपनीचे मुख्य कार्यालय कुठल्याही शहरात असो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. त्यामुळे वॉरंटी संपली की माझे तोंड बंद होईल, या भ्रमात राहू नका. दोष आहे की नाही याबद्दल वाद असेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. दोष सिद्ध झाला, तर तो दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आणि वर नुकसानभरपाई देण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. तिथे मी पूर्ण ६२,५०० रुपये, त्यावरचे व्याज आणि बुडालेल्या कामाची भरपाई मागेन. आपल्या तीन जॉबशीट हाच माझा पहिला पुरावा असेल.

या पत्राची प्रत कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला स्पीड पोस्टाने पाठवली आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवली आहे. २५ फेब्रुवारीच्या सकाळी माझ्या हाती दुरुस्त लॅपटॉप किंवा आपले लेखी उत्तर यांपैकी काहीही नसेल, तर त्याच दिवशी तक्रार आयोगात दाखल होईल. त्यानंतर तडजोडीची बोलणी आयोगासमोरच होतील.

आपली,
एक ग्राहक, नाशिक

सोबत : खरेदीचे बिल, तिन्ही जॉबशीट, बॅटरीचा अहवाल आणि इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी यांच्या प्रती