मूडची डायरी गल्ल्याच्या वहीतच ठेवा

रोजच्या मूडचा एक इमोजी लिहायची पद्धत तुम्ही ऐकली असेल. माझं मत स्पष्ट आहे: धंदेवाल्याने त्यासाठी वेगळं ॲप घेऊ नये. रोजची विक्री लिहिता त्याच ओळीत इमोजी काढा, म्हणजे महिन्याच्या शेवटी दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात.

चारच चेहरे ठरवा: 😀 मस्त, 🙂 बरा, 😟 टेन्शन, 😡 चिडचिड. जास्त घेतले तर महिनाअखेर काहीच जुळत नाही. वेळ एकच, दुकान बंद करताना, पण गल्ला मोजायच्या आधी. मोजल्यावर लिहिलं की आकडाच मूड ठरवतो. आणि शेजारी दोन-तीन शब्दांत कारण लिहा, कारण पंधरा दिवसांनी ते आठवत नाही. आठवड्याचे चेहरे रविवारी एकदम भरू नका. सलग सगळे 🙂 दिसले तर समजा, वही अंदाजाने भरली गेलीय.

आता वाचायचं कसं? सरासरी काढू नका. कॅलेंडरसारखे वारांचे रकाने पाडून चेहरे पुन्हा उतरवा.

समजा, ब्लाउज शिवून देणाऱ्या एका ताईंची वही आहे. सोमवारी सुट्टी, म्हणजे महिन्यात 26 दिवस काम. त्यात 😟 आणि 😡 मिळून 9 दिवस. नुसतं पाहिलं तर वाटेल, धंदा मंद असल्याचं टेन्शन असेल. पण वार लावले की दिसतं, त्यातले 4 दिवस शनिवार आहेत आणि महिन्यात शनिवार होतेच 4. गल्ला मात्र शनिवारीच सगळ्यात जास्त! शेजारचे शब्द काय? "गिऱ्हाईक थांबलं", "हुक राहिले", "गिऱ्हाईक थांबलं". म्हणजे त्रास कमी विक्रीचा नाही, सगळ्यांना शनिवारचाच वायदा दिल्याचा आहे. उरलेले 5 दिवस वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या कारणांनी आलेत. त्यात ओढूनताणून अर्थ शोधू नका.

अर्थात, चार शनिवार म्हणजे इशारा, पुरावा नव्हे. लग्नसराईचा महिना असेल तर सगळंच बदलतं. म्हणून पुढच्या महिन्यात एकच गोष्ट बदला: निम्म्या गिऱ्हाइकांना गुरुवारचा वायदा द्या. शनिवारचे चेहरे सुधारले आणि गुरुवारचे बिघडले नाहीत, तर नेमकी गाठ सापडली. त्रास नुसता गुरुवारी सरकला, तर काम हातापेक्षा जास्त घेतलं जातंय. तेव्हा मदतनीस घ्या, नाहीतर ऑर्डरी कमी करा. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. वार कुठलाही असो, गल्ला कितीही असो, सलग दोन आठवडे बहुतेक दिवस 😟 असेल आणि झोप, भूकही बिघडली असेल, तर वही मिटा आणि डॉक्टरांकडे जा. तो प्रश्न दुकानाच्या वेळापत्रकाने सुटणारा नाही.