गच्चीचे गिऱ्हाईक जूनमध्ये शोधू नका

रेनकोट विकणारा दुकानदार आणि गच्चीची गळती थांबवणारा कंत्राटदार, दोघेही पावसाच्या जिवावर जगतात. तेव्हा जाहिरातही दोघांनी एकाच मुहूर्तावर द्यावी, असा एक गोड समज बाजारात आहे. गंमत अशी की, त्या समजाला पुरावाही हाताशी असतो. गूगल ट्रेंड्सवर `raincoat` आणि `terrace waterproofing` हे शब्द टाकून मागची पाच वर्षे पाहावीत. पाऊस आला की दोन्ही रेघा माना वर करतात.

या रेघा वाचायच्या कशा, हे आधी पाहू. तिथला 100 हा आकडा म्हणजे शंभर माणसे नव्हेत. निवडलेल्या काळात, निवडलेल्या प्रदेशात त्या शब्दाचा एकूण शोधांतला वाटा ज्या आठवड्यात सर्वांत मोठा होता, त्याला 100 म्हणायचे आणि बाकीचे आठवडे त्याच्याशी मोजायचे. काळ बदलला की मापही बदलते. म्हणून दोन वेळा उतरवून घेतलेले तक्ते एकमेकांना चिकटवू नयेत. प्रदेशही जपून निवडावा. मुंबईतल्या धंद्याला साऱ्या महाराष्ट्राची रेघ काय कामाची?

आता खरी फसगत. पुष्कळ जण पाच वर्षांतल्या जूनच्या पहिल्या आठवड्यांची सरासरी काढतात, मग दुसऱ्या आठवड्यांची. पण पाऊस कॅलेंडर पाहून येत नाही. मुंबईत मोसमी पाऊस 2023 साली 25 जूनला पोहोचला, 2024 साली 9 जूनला, आणि 2025 साली चक्क 26 मे रोजी! तारखांची सरासरी काढली, तर तीन उंच शिखरांची एक बसकी टेकडी होते. त्यावर विसंबून दुकानदार महिनाभर सारखे पैसे वाटत बसतो. त्यापेक्षा प्रत्येक वर्षी पाऊस पोहोचला तो आठवडा शून्य धरावा आणि आधीचे व नंतरचे आठवडे त्यापासून मोजावेत. रेनकोटवाल्याला एवढे पुरते. हवामान खात्याचा पुढील चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी निघतो. तो पाहून त्याने थोडी रक्कम आधी खर्चावी आणि मोठी रक्कम शून्याच्या आठवड्यासाठी राखावी. रोजची मर्यादा मात्र त्या दिवसांत वाढवावी, नाहीतर दुपारीच पैसे संपतात आणि संध्याकाळी भिजून घरी आलेल्या गिऱ्हाइकाला जाहिरात दिसतच नाही.

गच्चीवाल्याचे गणित अगदी उलटे आहे. जुलैत त्याला फोन पुष्कळ येतात, पण काम करता येत नाही. ओल्या सिमेंटवर लेप धरत नाही. दडपून लावला तर पुढे फुगून सुटतो. तरीही त्या घाईत कोणीतरी डांबराचा पट्टा लावून पैसे घेऊन जातो, आणि वरच्या मजल्यावरचे कुटुंब पुढल्या वर्षी पुन्हा बादल्या मांडते. शोधांचे शिखर हे इथे विक्रीचे शिखर नव्हे, तक्रारीचे आहे.

समजा, ठाण्यातल्या एका कंत्राटदाराजवळ कारागिरांच्या दोन टोळ्या आहेत. जुना लेप खरवडणे, भेगा भरणे, नवे थर देणे, पाणी तुंबवून परीक्षा घेणे, यांत एका गच्चीला दहा दिवस जातात. 2025 चा अनुभव ध्यानात ठेवून शेवटचे काम 15 मेपर्यंत आटोपायचे, म्हणजे ते 5 मेला सुरू झाले पाहिजे. सोसायटीचा कारभार आपण जाणतोच! तीन दरपत्रके, समितीची बैठक, मग सभा. सहा आठवडे सहज जातात. म्हणजे शेवटच्या गिऱ्हाइकाचा पहिला फोन 24 मार्चच्या सुमारास यायला हवा. कामे 5 मार्चपासून धरली, तर सत्तर दिवसांत दोन टोळ्यांच्या चौदा गच्च्या होतात. पंधराव्या गच्चीसाठी जाहिरात देणे म्हणजे नकार देण्यासाठी पैसे मोजणे. तेव्हा जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत त्याने मुख्य रक्कम लावावी. त्या दिवसांत रेघ सपाट दिसेल, दिसू द्यावी. शोधणारे थोडे असले, तरी त्यांच्या हातात वेळ असतो.

शब्दांचीही पारख हवी. नुसत्या `leakage` या शब्दात गॅसची गळती, नळाची गळती, सारेच येते. `gas` आणि `tap` हे शब्द वगळण्याच्या यादीत घातले नाहीत, तर गच्चीवाल्याचे पैसे प्लंबरच्या गिऱ्हाइकांवर जातात.

पावसात त्याची जाहिरात बंदच असावी, असे मात्र नाही. ‘आता पाहणी, काम कोरड्या दिवसांत’ असे स्वच्छ लिहून थोडक्या खर्चात नावे नोंदवून घ्यावीत. आणि ज्यांच्या छतावर आज, या दिवाळीत, डाग आहेत, त्यांनी डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालावी. जानेवारीत डाग वाळला असेल, तर संशय गच्चीवर घ्यावा. ओलाच राहिला किंवा रेघेबाहेर गेला, तर आधी वरच्या मोरीचे आणि नळाचे पाइप तपासून घ्यावेत.