विश्वकोश नको, स्मरणिका द्या

मामा गेल्यावर त्यांचा पुस्तकसंग्रह द्यायला काढला, तेव्हा सगळ्यात आधी नकार मिळाला तो मराठी विश्वकोशाला. खंड निघेल तसा मामांनी तो वर्षानुवर्षं घेतला होता. दिवाणखान्यातल्या कपाटाचा मधला कप्पा त्याचाच. पण तालुक्याच्या वाचनालयात एक संच आधीच आहे, शाळेकडे जागा नाही आणि आता तो घरबसल्या इंटरनेटवर फुकट वाचता येतो. केतकरांच्या ज्ञानकोशाचीही हीच गत. घरात ज्याचा मान मोठा ते बाहेर कुणाला नको असतं, कारण ते सगळीकडे असतं.

उलटंही तितकंच खरं निघालं. माळ्यावरचं एक खोकं दाखवून मामी म्हणाल्या, “हे तेवढं रद्दीवाल्याला देऊन टाक बाबा.” आत होतं काय, तर साखर कारखान्याच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, शिक्षक पतपेढीचे अहवाल, दोन घराण्यांचे कुलवृत्तांत आणि चौथी-पाचवीची जुनी क्रमिक पुस्तकं. क्रमिक पुस्तकं सोडली तर असं साहित्य थोड्या प्रती छापून गावातल्या गावात वाटलेलं असतं. ते दुकानात कधी येत नाही, त्यामुळे ग्रंथालयातही पोचत नाही. त्या स्मरणिकेत अध्यक्षांचं मनोगत कुणी वाचणार नाही, पण मागच्या पानांवरच्या जाहिरातींतून त्या काळी पेठेत कुणाची पेढी होती, इंजिनं कोण विकत होतं, हे सगळं कळतं. एका संशोधन संस्थेच्या ग्रंथपालबाईंनी आमची यादी वाचून पहिली खूण केली ती याच खोक्यावर.

यादी मात्र आधी हवी. “पुस्तकं द्यायची आहेत” असा नुसता फोन केला की “जागा नाही” हे उत्तर ठरलेलं. नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, साल एवढं लिहून पाठवलं की समोरचा माणूस आपल्याकडे काय आहे ते ताडून बघतो आणि बोलणं पुढे सरकतं. आवृत्ती पुठ्ठ्यावर बघू नये. शीर्षकपानाच्या मागे बघावी. मामांच्या दोन-तीन कादंबऱ्या आम्ही पहिल्या आवृत्तीच्या समजत होतो, त्या पाचव्या-सहाव्या निघाल्या.

यादी करताना प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकावं. आमच्याकडे पोस्टकार्डं पडली, मनिऑर्डरच्या पावत्या पडल्या आणि एका पुस्तकातून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही. त्याच वेळी कागदही तपासून होतो. मागच्या एखाद्या कोऱ्या पानाचा कोपरा हलकेच पुढेमागे दुमडून पाहायचा. तुटून हातात आला तर तो कागद आतून आंबला आहे. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदाला हे होतंच, आणि ते परत फिरत नाही. असं पुस्तक वाचनालयात देवघेवीला टिकत नाही. दुर्मीळ असेल तर स्कॅन करणाऱ्या संस्थेला द्यावं, नसेल तर मन घट्ट करून रद्दीत. कसर लागलेली आणि बुरशीचा वास मारणारी पुस्तकं बाजूला काढायची, कारण ती बाकीच्यांनाही बाधतात. ग्रंथालयं देणगीला बिचकतात त्याचं एक कारण हेही आहे.

खरी हळहळ वाटली ती दिवाळी अंकांची. मामांनी ते हौसेने बांधून घेतले होते, वर्षावार, पाठीवर सोनेरी अक्षरं. बाइंडरने मात्र मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली होती आणि कडा कापताना समास खाल्ला होता. शिलाईही इतकी घट्ट की आतल्या बाजूचे शब्द दिसत नाहीत. अभ्यासकांना हवी असतात ती नेमकी मुखपृष्ठं. आळसाने न बांधलेले, सुतळीने आवळून ठेवलेले सत्तरच्या दशकातले अंक लगेच उचलले गेले.

विक्रीचं थोडक्यात सांगतो. जुन्या पुस्तकांचा विक्रेता घरी आला की त्याचा हात बरोबर चांगल्या पुस्तकांवर जातो. तेवढी उचलून तो एकरकमी भाव सांगतो आणि उरलेल्या ढिगाला मग कुणी विचारत नाही. म्हणून संस्थांची निवड आधी होऊ द्यावी, आणि विक्रेत्याशी सौदा करायचा तो अख्ख्या कपाटाचा. हाती येणारी रक्कम खरेदीच्या मानाने किरकोळच असते. खप असतो तो शब्दकोशांना, लहान मुलांच्या पुस्तकांना आणि न मळलेल्या लोकप्रिय कादंबऱ्यांना.

घरी ठेवायला मामींनी एक कप्पा राखला. त्यात मामांनी पेन्सिलीने समासात वाद घातलेली पुस्तकं आहेत. ग्रंथालयाच्या लेखी ती खराब प्रत, त्यामुळे तिथे झगडा नव्हता. झगडा झाला तो नावावरून. मामांच्या नावाचं वेगळं कपाट ठेवा, अशी माझी अट होती. ग्रंथपालबाईंनी नियमावर बोट ठेवलं: पुस्तकं विषयवार लागतील, दुबार प्रती आम्ही पुढे देऊ, आत देणगीदाराचा शिक्का मारू. मी घुटमळलो. मामी म्हणाल्या, “अरे, त्यांच्या हयातीतसुद्धा त्यांचं एक पुस्तक जागेवर सापडत नव्हतं. मारू दे शिक्का.”