फाटक साडेआठला बंद होते

'आदल्या संध्याकाळी केंद्र पाहून यावे, म्हणजे झाले' हा जेईई मेनच्या परीक्षार्थींना एका पत्रलेखकाने दिलेला सल्ला मला अपुरा वाटतो. संध्याकाळी रस्ता कळतो, सकाळचे वाहन कळत नाही. पहिले सत्र नऊचे असले तरी फाटक साडेआठला बंद होते. हिशेब तिथून उलटा मांडावा. केंद्र गावाबाहेर बारा किलोमीटरवर, रिक्षाला अर्धा तास, तर साडेसहालाच निघावे. रिक्षा मिळाली नाही, तरी दुसरी शोधायला तासाहून अधिक वेळ उरतो. जानेवारीत तेव्हा अंधार असतो, शेअर रिक्षा क्वचितच दिसतात. म्हणून रिक्षावाला रात्रीच ठरवावा. शिवाय कधी कधी एकाच संस्थेची दोन संकुले असतात, म्हणून प्रवेशपत्रावरचा पूर्ण पत्ता फाटकावरच्या पाटीशी ताडून पाहावा.

– एक पालक, लातूर