जाऊ म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको नव्हे

पदव्युत्तर वर्गाच्या अनुवादाच्या तासाला आम्ही एक वाक्य फळ्यावर लिहितो. वाक्य आमचेच, मुद्दाम रचलेले: ‘थोरल्या जाऊबाईंनी कोठीच्या किल्ल्या नणंदेच्या हाती दिल्या आणि धाकटी मुकाट्याने चुलीपाशी जाऊन बसली.’ याचा इंग्रजी अनुवाद करा, एवढेच सांगतो. दरवर्षी निम्मा वर्ग दोन्ही ठिकाणी ‘सिस्टर-इन-लॉ’ लिहितो. मग एका सिस्टर-इन-लॉने दुसऱ्या सिस्टर-इन-लॉला किल्ल्या दिल्या, असे ते वाक्य होते आणि वर्गात हशा पिकतो. हशा ओसरला की एखादा अभ्यासू विद्यार्थी उठतो आणि ‘अचूक’ उत्तर देतो: थोरली जाऊ म्हणजे ‘हजबंड्स एल्डर ब्रदर्स वाइफ’, नणंद म्हणजे ‘हजबंड्स सिस्टर’. वर्ग माना डोलावतो. आमचा वाद त्या हशाशी नाही, त्या माना डोलावण्याशी आहे.

कारण हे अचूक उत्तर आता केवळ विद्यार्थ्यांचे राहिलेले नाही. मराठी कथांचे जे इंग्रजी अनुवाद आमच्या वाचनात येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हीच रीत शिरलेली दिसते. ‘सिस्टर-इन-लॉ’ हा शब्द नणंद, जाऊ, वहिनी, भावजय, मेहुणी अशा सगळ्यांना एकाच गोणीत भरतो, ही तक्रार रास्त आहे. ती आम्हीही वर्षानुवर्षे केली आहे. पण या रोगावर काढलेले औषध रोगापेक्षा वाईट आहे, असे आमचे मत आहे. गोणीत भरलेली माणसे निदान माणसे तरी राहतात. अचूक वर्णनात ती वंशवृक्षावरचे ठिपके होतात.

फळ्यावरच्या वाक्याकडेच पुन्हा पाहू. त्यात तीन बायका आहेत, किल्ल्या आहेत, चूल आहे. पुरुष एकही नाही. घरातल्या सत्तेची एक उलथापालथ बायकांच्या बायकांत, एका ओळीत उरकली आहे. आता अचूक इंग्रजी वाक्य वाचा. त्यात नवरा आला, नवऱ्याचा थोरला भाऊ आला, आणि नणंदेपाशी नवरा पुन्हा आला. मूळ प्रसंगात ज्यांचा पायरव नाही, ते दोन पुरुष अनुवादात माजघरात येऊन बसले. वाचकाला किल्ल्यांपर्यंत पोहोचण्याआधी दोनदा नवरा ओलांडावा लागतो. स्त्रियांचे जग उलगडणारे लेखन म्हणून ज्या कथांची इंग्रजीत ओळख करून दिली जाते, त्यांच्याच बाबतीत हे घडते, याचा खेद अधिक.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: ‘पण हे नाते नवऱ्यामुळेच जडते ना? मग वर्णनात नवरा आला तर बिघडले काय?’ जडते, हे कोण नाकारतो? पण नाते कशामुळे जडले ही एक गोष्ट आणि त्याला हाक मारताना तो उगम दर वेळी उच्चारणे ही दुसरी. ‘बहीण’ या शब्दाचा अनुवाद कोणी ‘आईवडिलांची मुलगी’ असा करत नाही. व्याख्या म्हणून ती निर्दोष आहे, अनुवाद म्हणून हास्यास्पद. ‘बहीण’ला जी सवलत बिनबोभाट मिळते, ती ‘जाऊ’ला का मिळू नये? इंग्रजीत तयार शब्द नाही, एवढेच कारण असेल तर ते इंग्रजीचे उणेपण आहे. त्याची भरपाई जाऊबाईंनी आपली वंशावळ दाखवून का करावी?

आणि इंग्रजीचे हे उणेपण जन्मजातही नाही. संस्कृतातल्या ‘देवर’पासून आपला ‘दीर’ आला, ‘ननान्दृ’पासून ‘नणंद’ आणि ‘यातृ’पासून ‘जाऊ’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात नववधूला सासरच्या ज्या माणसांत मानाने राहण्याचा आशीर्वाद दिला आहे, त्यांत सासू-सासऱ्यांबरोबर नणंद आणि दीर यांची गणना आहे. या ‘देवर’चे भावंड लॅटिनमध्ये ‘लेव्हिर’ म्हणून होते आणि जुन्या इंग्रजीत ‘ताकोर’ म्हणून. म्हणजे इंग्रजीपाशी दिरासाठी एकेकाळी स्वतंत्र शब्द होता. पुढे तो वापरातून गेला. एका भाषेने आपला शब्द हरवला म्हणून दुसऱ्या भाषेच्या शब्दांची उकल करून हिशेब मांडायचा, हा न्याय आम्हाला उमगत नाही.

बरे, ज्या अचूकपणासाठी हा खटाटोप चालतो, तो तरी खरा आहे काय? दीर घ्या. याचे भाषांतर ‘नवऱ्याचा धाकटा भाऊ’ असे केलेले आम्ही एकाहून अधिक ठिकाणी वाचले आहे. हा हिंदीचा संस्कार. हिंदीत देवर धाकटा आणि जेठ थोरला. मराठीत नवऱ्याचा भाऊ थोरला असो की धाकटा, तो दीरच. थोरलेपणा सांगायचा तर ‘थोरले दीर’ म्हणावे लागते; आणि पुष्कळदा तेही लागत नाही, क्रियापदच ते काम करते. ‘दीर आले’ आणि ‘दीर आला’ यांत कोण आले आणि कोण आला, हे मराठी वाचकाला लगेच कळते. जी गोष्ट मूळ वाक्याने क्रियापदाच्या शेवटी हळूच ठेवली, ती अनुवादकाने नात्याच्या वर्णनात शोधली. तिथे ती नव्हती, म्हणून मनाने भरली.

नणंदेची गोष्ट याच जातीची. ‘हजबंड्स सिस्टर’ म्हटले की सख्खी बहीण असाच अर्थ होतो. मोठ्या घरात चुलत नणंदही नुसती ‘नणंद’ असते. ‘चुलत’ हा शब्द बाहेर येतो तो लग्नपत्रिकेत किंवा भांडणात. मूळ लेखिकेने जे दार उघडे ठेवले, ते अचूक वर्णनाने लावून घेतले. एखाद्या कथेत सख्खे की चुलत हे शेवटच्या पानापर्यंत झाकून ठेवलेले असेल, तर या अनुवादाने पहिल्याच पानावर खोटी साक्ष दिलेली असते.

एका ठिकाणी मात्र आम्ही अचूकपणाला दाद देतो. ‘थोरली जाऊ’ ही वयाने थोरली असतेच असे नाही. ती थोरल्या भावाची बायको असते. थोरल्याचे लग्न उशिरा झाले, तर थोरली जाऊ धाकटीहून चार वर्षांनी लहानही असू शकते, आणि मान मात्र तिचाच. तिला ‘ओल्डर सिस्टर-इन-लॉ’ करणे ही ढोबळ चूक आहे आणि तिथे लांबलचक वर्णन खरे ठरते. पण हेही पाहा, की वयाने लहान बाईला वाकून नमस्कार करताना धाकटीच्या मनात जे होते ते त्या वर्णनात नाही. ते कथेतल्या प्रसंगातच उमटायला हवे. आणि प्रसंग नीट उतरला, तर वर्णनाची गरज उरत नाही.

याहून मोठी हानी परस्परतेची होते. जाऊ ही जावेची जाऊ असते. थोरली धाकटीची आणि धाकटी थोरलीची. दोघींना शब्द एकच. म्हणून ‘जावा-जावा’ असे अनेकवचन होते, आणि त्या जोडशब्दात हेवा, बरोबरी, एकाच सासूखाली काढलेले दिवस, सगळे सामावते. अचूक वर्णनात थोरली ‘नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको’ आणि धाकटी ‘नवऱ्याच्या धाकट्या भावाची बायको’ होते. दोघींना बांधणारा समान शब्दच नाहीसा होतो. ‘भावाभावांच्या बायका’ म्हणून त्यांना एकत्र आणावे, तर बांधणारे पुन्हा भाऊच. शिवाय प्रत्येक वर्णनाला ‘तिच्या’ हे शेपूट लागते. फळ्यावरच्या वाक्यातली नणंद कोणाची? दोघींची. मराठीला सांगावे लागत नाही. ‘नणंदेच्या हाती’ म्हटले की ती त्या घराची नणंद. इंग्रजीत ‘हर हजबंड्स सिस्टर’ म्हणताच, यातली ‘हर’ कोण, थोरली की धाकटी, हा प्रश्न उभा राहतो. स्पष्ट करायला गेलो आणि संदिग्ध करून आलो.

हाकेचे तर बोलायलाच नको. जाऊबाई, भावजी, वन्सं ही संबोधने आहेत. ‘वन्सं’ काही घरांतच ऐकू येई. इतर घरांत नणंदेला अक्का म्हणत, ताई म्हणत, नावानेही हाक मारत. कोणती हाक आहे यावरून घर कळते. ज्या घरात ‘वन्सं’ होते, तिथे वीस वर्षांची सून आठ वर्षांच्या नणंदेलाही ‘अहो वन्सं’ म्हणे. या हाकेत सुनेचे घरातले स्थान जितके कळते, तितके पानभर वर्णनातून कळणार नाही. ‘ऐका ना, नवऱ्याची बहीण’ अशी हाक जगात कोणी मारलेली नाही. भोंडल्याच्या गाण्यात माहेरी जायला निघालेली सून परवानगी मागत सासूपासून सासरा, दीर, जाऊ, नणंद असे एकेक दार ठोठावते आणि प्रत्येक जण तिला पुढच्याकडे पाठवतो. तिथे एका कडव्यात एकच शब्द बदलतो, त्या बदलावरच गाणे चालते आणि सुनेची दमछाकही त्यातूनच ऐकू येते. त्या शब्दाच्या जागी चार शब्दांचे वर्णन घालून ते कडवे एकदा म्हणून पाहावे. फेर धरणाऱ्या मुली दुसऱ्याच पावलाला अडखळतील.

मग करावे काय? आमचा आग्रह साधा आहे. हाक असेल तिथे मराठी शब्द तसाच ठेवावा, तळटीप न देता. दोन-तीन प्रसंगांत तो वाचकाला आपोआप कळतो. आपण मराठीत रशियन कादंबऱ्या वाचल्या, तेव्हा ‘इव्हानोविच’ म्हणजे इव्हानचा मुलगा, असे दर पानावर कोणी समजावले नाही. आपण शिकलो. इंग्रजी वाचक आपल्याहून मठ्ठ आहे, असे मानण्याचे कारण नाही. निवेदनात नाते कथानकाला वळण देत असेल, तर ते एकदा प्रसंगातून उघड करावे आणि पुढे पात्राचे नाव वापरावे. नाते केवळ ओझरते असेल, तर बदनाम झालेले ‘सिस्टर-इन-लॉ’ही चालेल, ते ढोबळ आहे, पण खोटे नाही, आणि निदान दोन बायकांच्या मध्ये कोणाला आणून बसवत नाही.

अचूक वर्णनाची जागा आहे, आणि ती मोलाची आहे. इरावती कर्व्यांनी 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा प्रांतोप्रांतीच्या नात्यांच्या संज्ञा अशा वर्णनांनीच उलगडाव्या लागल्या. तुलनेला दुसरा मार्ग नसतो. मृत्युपत्रात, वारसनोंदीत, तलाठ्यासमोरच्या जबाबात कोण कोणाची कोण हे निःसंदिग्ध लिहावेच लागते, कारण तिथे जमिनीचा वाटा ठरतो. पण कथा म्हणजे वारसनोंद नव्हे. आमच्या फळ्यावरच्या वाक्यात धाकटी चुलीपाशी का जाऊन बसली, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तिच्या नवऱ्याच्या भावाचे लग्न कोणाशी झाले यात नाही. ते किल्ल्या ज्या दोन हातांतून गेल्या, त्या हातांत आहे, आणि ते दोन्ही हात बायकांचे आहेत.