रिचार्ज केल्यावर दहाव्या मिनिटाला

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण,
आणि देशातल्या सर्व मोबाईल कंपन्यांचे प्रमुख,



जुन्नर तालुक्यात एस.टी. स्टँडसमोर माझं मोबाईल रिचार्जचं छोटं दुकान आहे. ‘तू पैसे खाल्लेस’ हे वाक्य या काउंटरवर मी कितीदा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. ज्यांनी ते म्हटलं त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी रोख पैसे माझ्या हातात दिलेले असतात आणि थोड्या वेळानं ते फोनमध्ये दिसत नाहीत. मधला माणूस त्यांना एकच दिसतो, तो मी. ते पैसे खरोखर कुठं जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. वरच्या वाडीवरून बाजाराला येणाऱ्या एक आजी आहेत. बटणांचा फोन, बोलाल तेवढे पैसे कापणारा छोटा पॅक, दर सेकंदाला अडीच पैसे. पॅकमधले पैसे संपले की त्या माझ्याकडून वीसचा टॉप-अप मारून घेतात. वीस रुपयांत अठरा टक्के जीएसटी आणि दोन रुपये प्रोसेसिंग फी गेल्यावर हातात 14 रुपये 95 पैसे येतात. हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो, कारण या कपातीचं निदान कारण तरी सांगता येतं. त्या दिवशीही सांगितलं, बॅलन्स दाखवला, आजी भाजी घ्यायला गेल्या. परत येऊन पुण्याच्या मुलाला फोन लावला आणि बोलणं अर्ध्यात तुटलं. फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “बाळा, वीस घेतलेस ना? मग तीन मिनिटांत संपले कसे?”

मी बॅलन्सच्या नोंदी पाहिल्या. रिचार्जनंतर दहाव्या मिनिटाला दहा रुपये कापले गेले होते, एकही फोन न करता. अडीच पैशांच्या हिशेबानं ते सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं बोलणं होतं. कापल्याचा मेसेज आलेला होता, पण तो इंग्रजीत. आजींना मराठी अक्षरंसुद्धा चष्मा लावून, बोट ठेवून वाचावी लागतात.

ते दहा रुपये कॉलर ट्यूनचं आठवड्याचं भाडं होतं. आपल्या फोनला कॉलर ट्यून आहे हे आजींना माहीतच नव्हतं. माहीत होणार कसं? कॉलर ट्यून ज्याच्या नंबरावर असते त्याला ती कधीच ऐकू येत नाही, फोन करणाऱ्याला येते. मुलाला वाटत होतं, आईला भजन आवडतं म्हणून तिनं कुणाकडून तरी लावून घेतलं असेल. पैसे देणारीला जी गोष्ट ना दिसते, ना ऐकू येते, तिचे पैसे कित्येक आठवडे कापले जात होते आणि घरातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती सुरू कशी झाली, हे आजींच्या बोलण्यातून हळूहळू कळलं. एक फोन यायचा, त्यात भजन वाजायचं, मग बाई काहीतरी बोलायची. “बंद कर म्हणून मी बटण दाबलं,” असं त्या म्हणाल्या. काही वेळा पडद्यावर आपोआप एक चौकट उमटायची आणि ती गेल्याशिवाय पुढचा नंबर लावता यायचा नाही. बटणांच्या फोनवर ती चौकट घालवायला हात पहिल्यांदा मधल्या बटणावर जातो. त्याच बटणाचा अर्थ तुमच्या यंत्रणेत ‘हो’ असा होतो.

नियम आहेत, हे मला माहीत आहे. प्राधिकरणानं 10 जुलै 2013 रोजी कंपन्यांना निर्देश दिले की अशी कुठलीही सेवा ग्राहकाच्या दुहेरी संमतीशिवाय सुरू करायची नाही. सेवा मागितल्यावर दुसऱ्यांदा वेगळी खात्री करून घ्यायची आणि तिची नोंद ठेवायची. सेवा बंद करण्यासाठी 155223 हा सगळ्या कंपन्यांना समान असलेला फुकटचा नंबर ठेवायचा. कागदावर हे चांगलं आहे. पण दुसरी खात्री त्याच फोनवर, पाठोपाठच, बहुतेकदा ग्राहकाला न कळणाऱ्या भाषेत मागितली जाते आणि ज्या बोटानं पहिलं बटण दाबलं त्याच बोटानं दुसरं दाबलं जातं. चौकट जावी म्हणून एकदा दाबलं, गेली नाही म्हणून परत दाबलं. तुमच्या नोंदीत ही दुहेरी संमती झाली. आजींच्या लेखी तो अडकलेला फोन मोकळा करायचा प्रयत्न होता.

मी 198 वर तक्रार केली. समोरचा मुलगा नम्रपणे बोलला, म्हणाला, “गाणं काढून टाकलंय.” मला वाटलं, विषय संपला. पुढच्या बाजारी आजींनी दहाचा टॉप-अप घेतला, 7 रुपये 47 पैसे जमा झाले. या वेळी दहा मिनिटांत दोनच रुपये गेले, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी आणखी दोन. तीन दिवसांनी बॅलन्स 1 रुपया 47 पैसे. गाणं काढलं होतं, पण गाण्याची सेवा आणि तिचं भाडं तसंच चालू होतं. आठवड्याचे दहा रुपये खात्यात नाहीत म्हणताच भाडं दिवसाच्या हिशेबानं कापायला लागलं.

या गोष्टीकडे मला तुमचं लक्ष मुद्दाम वेधायचं आहे, कारण दुहेरी संमतीची चर्चा पुष्कळ झाली, या मागच्या दाराबद्दल फार कमी बोललं जातं. सेवेची मुदत संपली की बिलिंगची यंत्रणा पुढच्या मुदतीचे पैसे मागते. खात्यात पैसे नसले तर मागणी फेटाळली जाते, पण सेवा बंद होत नाही. ती तशीच थांबून राहते आणि ठरावीक वेळानं पुन्हा पैसे मागते. याला या धंद्यात ‘रिट्राय’ म्हणतात. महिन्याचे मिळाले नाहीत तर आठवड्याचे, तेही नाहीत तर दिवसाचे, अशी उतरती भाजणीही काही सेवांना असते. म्हणून गरीब माणसाचे पैसे नेमके रिचार्ज झाल्या झाल्या जातात. ज्याच्या खात्यात कायम शंभर-दोनशे असतात त्याचे महिन्यातून एकदा कापले जातात, त्यालाही ते खुपतंच. पण जो दहा-वीस टाकतो, त्याच्या खात्याशी यंत्रणा जणू वाट बघत बसलेली असते. दुकानदार बदनाम होतो तो याच दहा मिनिटांमुळे.

शेवटी मी आजींच्याच फोनवरून 155223 वर STOP असा मेसेज पाठवला. उत्तरात चालू सेवांची यादी आली. कॉलर ट्यून होतीच, शिवाय हिंदीतली आरोग्याची माहिती देणारी एक सेवा निघाली, जिचा आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. यादीप्रमाणे नंबर पाठवून दोन्ही बंद केल्या. पैसे परत मागितले तर चोवीस तासांच्या आतल्या तक्रारीचेच मिळतील असं सांगून दोन रुपये परत दिले. आधीचे सगळे गेले ते गेलेच.

चोवीस तासांची अट कशासाठी? ज्याला कापलेलं कळतं तोच चोवीस तासांत तक्रार करू शकतो. आणि मागचं सिद्ध करायचं म्हटलं तर 2012 च्या नियमांप्रमाणे प्रीपेड ग्राहकाला गेल्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब मागता येतो, त्याला कंपनी पन्नास रुपयांपर्यंत घेऊ शकते. दहा रुपये कसे गेले ते दाखवायला आजींनी पन्नास रुपये भरायचे. तक्रारीनं समाधान झालं नाही तर अपील करता येतं आणि त्याचा निकाल 39 दिवसांत लागायला हवा. प्राधिकरण स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही. ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं. पण वाडीवरून जिल्ह्याच्या गावाला जायचं एस.टी.चं तिकीटच गेलेल्या रकमेपेक्षा जास्त पडतं. रक्कम इतकी लहान ठेवलेली आहे की तिच्यासाठी कुणी भांडू नये.

माझी पहिली मागणी या रिट्रायबद्दल आहे. मुदत संपली आणि खात्यात पैसे नसले, तर सेवा तिथंच बंद झाली पाहिजे. दुधाचे पैसे दिले नाहीत तर गवळी रतीब थांबवतो, गल्लीच्या तोंडाशी उभा राहून खिशात पैसे पडायची वाट बघत नाही. हा एक बदल केला तरी दहा-वीसचा टॉप-अप घेणाऱ्यांचं बरंचसं नुकसान थांबेल. त्याला नवी यंत्रणा लागत नाही, चालू असलेली एक सोय बंद करावी लागते.

दुसरी मागणी कुलपाची. मोबाईल इंटरनेट चालू-बंद करायला तुम्ही 1925 हा नंबर दिला, ग्राहकानं START पाठवलं तर चालू, STOP पाठवलं तर बंद. मुख्य बॅलन्समधून सेवांचे पैसे कापण्यालाही असंच कुलूप हवं आणि प्रत्येक सिम ते लावलेलंच मिळालं पाहिजे. ज्याला कॉलर ट्यून हवी असेल तो स्वतः मेसेज टाइप करून कुलूप उघडेल. एका बटणानं, आलेल्या फोनवर किंवा उमटलेल्या चौकटीवर ते उघडता कामा नये. रक्कम, मुदत आणि बंद करायची रीत ग्राहकानं निवडलेल्या भाषेत लिहिलेली हवी. हे मराठीत लिहायला कंपन्यांना अवघड नाही, पॅकच्या जाहिराती त्या मराठीत पाठवतातच.

तिसरी, पुराव्याची जबाबदारी कंपनीवर टाका. संमती दिली असं कंपनी म्हणते, तर कधी, कोणत्या नंबरावरून, कोणत्या भाषेतल्या मजकुराला दिली, हे तिनं फुकट दाखवावं. दाखवता आलं नाही तर चोवीस तासांची मर्यादा न लावता पहिल्या दिवसापासूनची रक्कम परत करावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत घेतलेली वर्गणी सोडवणं अवघड करून ठेवण्याला अनुचित ठरवलं आहे. तेच माप इथं लावा.

कंपन्यांच्या प्रमुखांना एवढंच विचारतो: चौकट घालवायच्या बटणाला ‘हो’ असा अर्थ द्यायचं कुणीतरी बसून ठरवलं असेल ना? त्या खोलीत वाडीवरच्या आजींचा विचार कुणी केला होता का?

माझ्या दुकानात आता पाटी आहे: ‘टॉप-अप घेतल्यावर पैसे कापले गेले तर फोन घेऊन या, STOP पाठवून देऊ, पैसे लागणार नाहीत.’ रोज दोघं-तिघं तरी येतात. कुणी तक्रार केली तर मी डॉकेट नंबर पाटीच्या खालीच टांगलेल्या वहीत लिहून ठेवतो, कारण तो नंबर नसला तर पुढं अपील होत नाही. हे काम मी करीन, पण ते माझं नाही, तुमचं आहे.

आजी आता टॉप-अप घेत नाहीत. मुलाला मिस्ड कॉल देतात आणि तो उलट फोन करेपर्यंत फोन हातात धरून ओट्यावर बसून राहतात.

आपला,
स्टँडसमोरचा एक रिचार्जवाला