पहिलं पत्र

परदेशी प्राध्यापकांकडे पीएच.डी.साठी विचारणा करणारी आपल्या मुलांची पत्रं बहुधा 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होतात. आदर मनापासूनचा असतो. पण नाव नसलेलं पत्र शंभर जणांना धाडल्यासारखं दिसतं, आणि वाचणारी बाई असली तर तिथेच फसतं.

जर्मनीत आदर आडनावात आणि पदवीत असतो. सहीत 'प्रो. डॉ.' अशा दोन पदव्या असल्या, तरी संबोधनात मोठी तेवढीच घ्यायची: 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव. पुढे मात्र आडपडदा नको. पहिल्याच वाक्यात काम सांगावं: 'नदीतल्या गाळावरच्या तुमच्या प्रकल्पात पीएच.डी.ची जागा आहे का?' मग त्यांच्या कोणत्या निबंधाशी आपलं काम जुळतं, ते दोन वाक्यांत. स्तुतीचा परिच्छेद तिथे वेळकाढूपणा वाटतो.

जपानमध्ये हाच क्रम उलटतो. आधी आपली संस्था आणि नाव, मग ओळख नसताना लिहिल्याबद्दल दिलगिरी, आणि विनंती शेवटी, नकार देणंही सोपं जावं अशा शब्दांत. अमेरिकेत सुरुवात पदवीनेच करावी. उत्तराखाली त्यांनी नुसतं पहिलं नाव लिहिलं, तर पुढच्या पत्रात ते वापरायला सहसा हरकत नसते. जर्मनीत मात्र तसं स्पष्ट सुचवलं जाईपर्यंत थांबावं.

हे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत. समोरच्याच्या उत्तरातलं संबोधन आणि सही नीट वाचा; दुसरं पत्र त्याच बेताने लिहा.

– संपादक